भीतीचा नकाशा: शिकार न करताही शिकारी काय काय बदलतो

शिकारी प्राण्याचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा मोजायला लागतो, बिबट्यानं किती शेळ्या नेल्या, कोळसुंद्यांनी किती सांबरं पाडली वगैरे. अभ्यासकही बरीच वर्षं तेच करत होते, शिकारी वाढले की भक्ष्य कमी होणार, भक्ष्य कमी झालं की शिकारी कमी होणार, सगळं गणित मेलेल्या जनावरांवर चालायचं. पण त्याच दिवशी त्याच जंगलात जी शंभर जनावरं मेली नाहीत त्यांचं काय? ती कुठं चरली, किती वेळ मान वर करून उभी राहिली, कुठला ओढा टाळला, कुठल्या चांगल्या गवताकडं बघून पुढं गेली, हे सगळं त्या शिकाऱ्यामुळंच ठरलेलं असतंय आणि ते कुठल्याच शिकारीच्या आकड्यात दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे की शिकाऱ्याचा मोठा परिणाम हाच आहे, आणि आपल्या राधानगरी-दाजीपूरकडं बघतानाही हाच भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतोय.

या कल्पनेला लँडस्केप ऑफ फिअर म्हणतात, म्हणजे भीतीचा नकाशा. आपल्याला जंगलाचा नकाशा म्हणजे डोंगर, ओढे, सडे, झाडी दिसते, पण सांबराच्या डोक्यात त्याच जागेचा अजून एक नकाशा असतो, त्यात उंची-खोली जमिनीची नसते तर धोक्याची असते. दाट करवंदीच्या जाळीशेजारचा कोपरा म्हणजे तिथं उंच डोंगर, कारण बिबट्या दडून बसायला तीच जागा. उघडा सडा म्हणजे सपाट, लांबचं दिसतं. पण पळून शिकार करणारे कोळसुंदे आले की हाच नकाशा उलटा होऊ शकतो. म्हणजे भीती जागेला चिकटलेली नसते, ती कोण शिकारी आहे, तो कशी शिकार करतो आणि त्या घटकेला तो जागा आहे का झोपलाय यावर ठरते.

हा शब्दप्रयोग चर्चेत आला तो 2001 साली, जॉन लाँड्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या यलोस्टोनमधल्या कामामुळं. अमेरिकेतल्या या पार्कात 1995 मध्ये लांडगे परत आणून सोडले होते. त्यांनी एल्क नावाच्या मोठ्या हरणांकडं बघितलं, लांडगे जिथं पोचलेत तिथं आणि जिथं अजून नाहीत तिथं. लांडग्यांच्या भागात पिल्लू असलेल्या माद्या चरायच्या वेळातला जवळपास निम्मा वेळ मान वर करून टेहळणी करत होत्या. नरांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. मला यातला नरांचा भागच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं कळतं की भीती म्हणजे नुसती घाबरगुंडी नाही, तो हिशोब आहे. जिच्या पायाशी पिल्लू आहे तिचं नुकसान मोठं म्हणून ती जास्त घास सोडते.

हा हिशोब मोजायचा कसा यासाठी जोएल ब्राऊन यांनी 1988 मध्ये एक फार साधी युक्ती मांडली. थाळीत वाळू घ्यायची, त्यात ठरलेलं दाणं मिसळायचं, आणि जनावर खाऊन निघून गेल्यावर मागं किती राहिलं ते मोजायचं, बस. याला गिव्हिंग अप डेन्सिटी म्हणतात. सुरुवातीला दाणं पटापट मिळतंय, मग वाळू उकरायचा वेळ वाढत जातो आणि मिळकत घटत जाते, आणि एका क्षणी जनावर ठरवतं की आता इथं थांबणं परवडत नाही. परवडत नाही म्हणजे तीन खर्च: अंगातली ताकद खर्च होते तो, दुसरीकडं काहीतरी चांगलं सुटतंय तो, आणि मरायची शक्यता तो. दोन थाळ्या जवळजवळ ठेवल्या, दाणं तेवढंच, वाळू तीच, हवा तीच, तर पहिले दोन खर्च जवळपास सारखेच होतात आणि उरलेल्या दाण्यातला फरक म्हणजे भीतीची किंमत. दाण्यात मोजलेली भीती!

हे राजारामपुरीतल्या आमच्या परसात खारींवर करून बघता येतं, मी बघितलंय. पसरट परात, चाळलेली वाळू, शेंगदाण्याचे तुकडे. एक परात आंब्याच्या बुंध्याशी आणि दुसरी जास्वंदीच्या कुंपणाला लागून. सुरुवातीला वाटत होतं की कुंपणाजवळची जास्त साफ होईल कारण वरून शिक्रा आला तर आडोसा आहे, पण उलटंच होत होतं. बुंध्याजवळची खार दोन पायांवर बसून तुकडा हातात फिरवत निवांत सोलून खायची, परत वाळूत तोंड घालायची, अगदी तळाचे बारके तुकडेही सोडायची नाही. कुंपणाजवळ मात्र एक तुकडा उचलला की थेट झाडाकडं धाव, शेपटी फुललेली, खाणं वर जाऊन. कारण त्या जास्वंदीखाली शेजारची मांजर सावलीला बसायची. मांजर रोज नसायची, पण खारीच्या लेखी जागा तिचीच होती आणि त्या परातीत दाणं उरायचंच. एका परसातलं बघणं म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे हे मान्य, पण ब्राऊन काय म्हणतात ते यापेक्षा चांगलं मला कुठं समजलं नाही.

आता कोणी विचारेल की ठीक आहे, थोडं कमी खाल्लं, पुढं काय? पुढं फार काही होतं. कॅनडात लियाना झॅनेट यांच्या टीमनं 2011 मध्ये साँग स्पॅरो या चिमणीसारख्या पक्ष्यांवर केलेला प्रयोग तर मला या विषयातला सगळ्यात जबरदस्त वाटतो. त्यांनी घरट्यांना जाळी आणि विजेचं कुंपण घालून खऱ्या शिकाऱ्यांपासून वाचवलं, आणि मग स्पीकरवर अख्ख्या विणीच्या हंगामात काही ठिकाणी शिकाऱ्यांचे आवाज लावले, काही ठिकाणी निरुपद्रवी प्राण्यांचे. मारायला कोणीच नाही, फक्त आवाज. तरी शिकाऱ्यांचे आवाज ऐकणाऱ्या जोड्यांची वर्षभरातली पिल्लं 40 टक्क्यांनी कमी भरली. अंडी कमी घातली, त्यातली कमी उबली, आणि आईबाप चारा आणायला कमी फेऱ्या मारायला लागले म्हणून पिल्लं उपाशी मेली. जुन्या पद्धतीनं मोजलं असतं तर इथं शिकाऱ्यानं मारलेले पक्षी शून्य निघाले असते.

त्याच टीमनं पुढं बेटांवरच्या रॅकूनांना महिनाभर कुत्र्यांचं भुंकणं ऐकवलं तर रॅकून समुद्रकाठी खायला यायचे कमी झाले आणि तिथले खेकडे वाढले, आवाजानं एक पायरी ओलांडून तिसऱ्याचं आयुष्य बदललं. ओस्वाल्ड श्मिट्झ यांनी तर कोळ्यांची तोंडंच चिकटवून टाकली म्हणजे ते नाकतोड्यांना खाऊच शकणार नाहीत, तरी नाकतोड्यांनी आपलं खाणं बदललं आणि झाडोऱ्यावर परिणाम दिसला. पुढं 2012 मध्ये असंही दिसलं की कोळ्याच्या धाकात जगलेल्या नाकतोड्याच्या अंगात कार्बनच्या मानानं नायट्रोजन कमी भरतं, आणि असा नाकतोडा मेल्यावर जमिनीत गेला की तिथला पालापाचोळाही सावकाश कुजतो. एका किड्याची भीती मातीपर्यंत पोचते, विचार करा.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. यलोस्टोनची जी गोष्ट सगळीकडं फिरते, लांडगे आले, हरणं घाबरून नदीकाठ सोडून गेली, झाडं वाढली, नद्यांचे प्रवाह बदलले, ती इतकी सरळ नाही आणि तशीच्या तशी वर्गात सांगितली जाते हे बरोबर नाही. एल्क कमी झाले ते फक्त भीतीनं नाही, लांडग्यांनी मारले, अस्वलांनी पिल्लं मारली, माणसांनीही शिकार केली. आणि 2018 मध्ये कॉलर लावलेल्या एल्कांचा अभ्यास आला त्यात दिसलं की धोक्याच्या जागा त्यांनी सोडल्याच नव्हत्या, लांडगे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतात, मग एल्क त्याच जागा लांडगे थंड असायच्या वेळेला वापरत होते. म्हणजे नकाशा दर काही तासांनी बदलतो. भीतीची कल्पना चुकीची आहे असं नाही, पण जागेबरोबर घड्याळ बघितल्याशिवाय ती अर्धीच आहे.

आणि घड्याळ म्हटलं की मला आपले गवेच आठवतात. दाजीपूरचं अभयारण्य 1958 मध्ये गव्यांसाठीच झालं, आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखतो ते. तिकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, एका काकांनी मला सांगितलेलं तसंच ऐकायला मिळेल, "दिवसा गवा दिसायचा न्हाई, आणि रात्री मोटर चालू करायला गेलं की बांधावर हुबा." पूर्ण वाढलेल्या गव्याला बिबट्या काही करू शकत नाही, कोळसुंद्यांचंही लक्ष वासरांवरच असतं, वाघ इकडं अधूनमधून येणारा. मग दिवसा गवा कोणाला टाळतोय? आपल्याला. माणसाचा वावर जास्त असेल तिथं गवा रात्री जास्त हालचाल करतो हे माहितीच आहे, आणि जगभरातल्या सस्तन प्राण्यांवरच्या 2018 मधल्या मोठ्या अभ्यासातही तेच निघालं, माणूस जवळ असला की जनावरं रात्रीकडं सरकतात, मग तो माणूस बंदूक घेऊन येऊ दे की नुसता ट्रेकिंगला. गव्याच्या नकाशात सगळ्यात उंच डोंगर दिवसाचा माणूस आहे आणि रात्रीचा ऊस सपाट मैदान.

यातून राखणीचा प्रश्नही वेगळा दिसायला लागतो. सुतळी बॉम्ब, पत्र्याचे डबे, भुजगावणं, रात्रभर भुंकण्याचं रेकॉर्डिंग, सुरुवातीला चालतं आणि मग चालायचं बंद होतं, आणि लोक म्हणतात जनावर निर्ढावलं. लिमा आणि बेडनेकॉफ यांनी 1999 मध्ये यावर चांगला विचार मांडलाय, धोका सतत आहे असं असेल तर जनावर सतत घाबरून बसू शकत नाही, उपाशी मरेल, म्हणून ते घाबरणं वाटून घेतं आणि पोटासाठी धोका पत्करतं. त्यात रोज त्याच वेळेला त्याच ठिकाणाहून आवाज आला आणि मागून कधीच काही आलं नाही, तर तो आवाज नकाशातून पुसलाच जातो. म्हणून जागा बदलणं, वेळ बदलणं, आवाजाबरोबर खरा माणूस कधीतरी समोर येणं याला अर्थ आहे, नुसता डेसिबल वाढवून उपयोग नाही. शिवाय जंगलात दिवसा खायला निवांत जागा उरली नाही तर रात्रीचा ऊस कितीही धोक्याचा केला तरी गवा येणारच, कारण त्याच्या हिशोबात दुसरा पर्यायच नाही. माळ्यावर रात्र काढणाऱ्या माणसाची चिडचिड मला पूर्ण समजते, वर्षाचं पीक एका रात्रीत तुडवलं जातं, पण उपाय त्या बांधावर अर्धाच आहे, बाकी अर्धा जंगलाच्या आत आहे.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये झाला, चांदोली आणि कोयना मिळून, आणि राधानगरी त्याच्या दक्षिणेला, गोवा-कर्नाटकाकडून वाघ वर सरकायचा तो याच पट्ट्यातून. वाघ इथं पक्का बसला तर किती गवे मारले जाणार यावर चर्चा होईलच. पण त्याहून आधी बदलणार ते गव्यांचं चरणं, वासराच्या माद्यांची मान वर असण्याची वेळ, कळपाचा आकार, पाणवठ्यावर यायचा तास. ते गावाकडं जास्त सरकतील का, माणूस जवळ असल्यानं वाघ टळतो म्हणून, का आत घट्ट राहतील, हे दोन्ही शक्य आहे आणि जगात दोन्ही प्रकार दिसलेत. शिवाजी विद्यापीठातून किंवा कुठल्याही कॉलेजातून जी पोरं-पोरी राधानगरीत कॅमेरा ट्रॅप लावतात त्यांना माझी मनापासून विनंती आहे की फक्त किती गवे आले ते मोजून फोटो बाजूला टाकू नका. प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली असते, मान वर आहे का खाली ते दिसतं, वासरू बरोबर आहे का तेही दिसतं. ते आत्तापासून, वाघ पक्का व्हायच्या आधीपासून नोंदवून ठेवा, नाहीतर पुढं तुलना करायला हातात काहीच नसेल.