दहावीनंतर कोणती शाखा? शाळेतल्या पोरापोरींशी बोलताना

पोरांनो, मीही याच शाळेचा. आज आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेड शिकवतो. पण मधलं एक वर्ष वाया गेलं, ते आधी सांगतो.

दहावीला मला 81 टक्के होते. "एवढे मार्क घेऊन पोरगा आर्ट्सला, नाहीतर आयटीआयला जातो का?" म्हणत मामांनी सायन्सचा फॉर्म भरला. क्लासच्या फीसाठी बाबांनी कापूस पडत्या भावात विकला. माझा जीव विहिरीवरची मोटर खोलण्यात, अन् भौतिकशास्त्राची गणितं काही केल्या जमेनात. बारावीत नापास झालो. बाबा एक शब्द बोलले नाहीत, तेच फार लागलं.

म्हणून निकाल लागला की नुसते टक्के पाहू नका. आपल्या बोर्डाचे टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने निघतात. सहापैकी सर्वात कमी मार्कांचा विषय त्यातून गळतो. तो विषय गणित असेल तर 80 टक्क्यांच्या आड तुमचं कच्चं गणित लपलेलं असतं, अन् अकरावी सायन्सला तेच समोर उभं राहतं. गणित आणि विज्ञानाचे मार्क वेगळे काढून पाहा.

लोक म्हणतात, सायन्स घेतलं की सगळ्या वाटा खुल्या. अर्धं खरं आहे. बारावी सायन्सनंतर बीए, बीकॉमला जाता येतं. आर्ट्सवरून एमबीबीएसला जाता येत नाही. नीटला जीवशास्त्र लागतंच. पण बारावीत नापास झालात तर यातली एकही वाट उघडत नाही. एमपीएससीची राज्यसेवा द्यायची तर कोणत्याही शाखेची पदवी चालते, वकिलीही आर्ट्स-कॉमर्सवरून होते. हातानं काम करायला आवडत असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. तो झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं.

आता घरचं. बाबा सायन्सचा हट्ट धरतात तो भीतीपोटी. सोयाबीन गेलं, कर्ज राहिलं, पोराच्या नशिबी हे नको, एवढंच त्यांच्या मनात असतं. त्यांच्याशी भांडू नका. "मला आवडत नाही" म्हणून भागणार नाही. कोणता कोर्स, कुठं, किती वर्षांचा, फी किती, पुढं काम काय, हे कागदावर लिहून रात्री जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर ठेवा. मी तेव्हा हे केलं नाही. गप्प राहिलो, ती चूक माझी.

पोरींनो, "तालुक्याला रोज कशी जाशील?" असं घरी विचारतील. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे त्यांना सांगा.

जातीच्या अन् उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात आत्ताच अर्ज करा, जूनमध्ये तिथं रांगा लागतात. शनिवारी शाळा सुटल्यावर मी इथंच थांबतो. ज्यांच्या घरी हा वाद सुरू आहे, त्यांनी आईबाबांना घेऊन या.