बाप्पा आलेत, दार उघडं आहे

बी विंगमधल्या, ए विंगमधल्या आणि मागच्या चाळीतल्या सर्व शेजाऱ्यांना सप्रेम नमस्कार.

सोमवार, १४ सप्टेंबर २०२६ रोजी गणेश चतुर्थीला आमच्या घरी, म्हणजे मुलुंड पूर्वेच्या आपल्याच सोसायटीत, बी विंग, तिसरा मजला, ३०२ मध्ये, गणपती बसतोय. पाच दिवसांचा आहे. शुक्रवार, १८ सप्टेंबरला संध्याकाळी विसर्जन. या पाच दिवसांत जमेल तेव्हा दर्शनाला या. काका-काकू, आजी-आजोबा, ताई-दादा आणि बच्चे कंपनी, सगळ्यांनाच बोलावणं आहे. नवीन राहायला आलेल्यांनाही, ओळख नसली तरी.

रोज सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ दार उघडंच असेल. बेल वाजवू नका, सरळ आत या. दुपारी दार लोटलेलं दिसलं तर आजी झोपल्या आहेत असं समजा. आरती सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेसातला, पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली मिळून साधारण वीस मिनिटं. साडेसातची लोकल गाठून येणाऱ्यांना ती सापडणार नाही हे माहीत आहे, म्हणून बुधवारी आणि गुरुवारी रात्री नऊला एकच आरती पुन्हा होईल, टाळ हळू वाजवून. त्याचाही कुणाला त्रास होत असेल, घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाची परीक्षा असेल, तर बिनधास्त सांगा. नुसत्या टाळ्यांवरही आरती होते.

सोमवारी संध्याकाळी नातेवाईकांची गर्दी असते आणि दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बसायला जागा उरत नाही. निवांत बसायचं असेल तर मंगळवारी सकाळी अकरा किंवा बुधवारी संध्याकाळी पाच ही वेळ उत्तम. ज्यांना घाई आहे त्यांनी उभ्या उभ्या नमस्कार करून जावं, "बसा की हो" म्हणून हात धरणार नाही. (आजी म्हणतील. त्यांचं मनावर घेऊ नका.)

आरती चालू असताना पंखा बंद असतो, नाहीतर निरांजन विझतं. त्यात कापूर आणि धूप, त्यामुळे हॉल तापतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि उकाडा न सोसणाऱ्यांनी आरतीनंतर अर्ध्या तासाने यावं. तोवर खिडक्या उघडून, पंखा लावून धूर गेलेला असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दाराजवळच दोन खुर्च्या आहेत, खाली बसायचा आग्रह नाही.

मूर्ती शाडूची आहे, दहा इंची. शाडू वाळला की ठिसूळ होतो, आणि त्यावरचा रंग ओल्या बोटाला लागून येतो. म्हणून पाया पडताना मूर्तीला हात न लावता चौरंगाच्या कडेला लावा. लहान मुलांना सोंड फार आवडते, तेव्हा त्यांना कडेवर घेऊन दाखवलेलं बरं. बाजारचा जाड हार कृपया आणू नका. तो पाण्यात भिजवलेला असतो, त्याच्या ओल्या वजनाने हाताची बोटं निसटतात आणि खांद्यावरचा रंग ओघळतो. मनात असेल तर एक जास्वंद किंवा दूर्वांची एक जुडी पुरे, आणि रिकाम्या हाताने आलात तरी तितकंच छान. पेढ्यांचे खोके तर नकोच. सप्टेंबरच्या दमट हवेत माव्याला दुसऱ्या दिवशी वास येऊ लागतो आणि फ्रिजमध्ये इंचभर जागा नसते. पाकीटही नको.

आता प्रसाद. उकडीचे मोदक फक्त सोमवारी, एकशे एक. ओल्या नारळाचं सारण रात्रभर टिकत नाही आणि पारी दुसऱ्या दिवशी कोरडी होऊन चिरते, त्यामुळे ते उरवून ठेवत नाही. संपले की संपले. बाकीचे दिवस पंचखाद्य: खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. शेंगदाणा आणि काजू कशातही नाही, ॲलर्जी असणाऱ्यांनी निश्चिंत राहावं. मधुमेह असलेल्यांना गोडाचा आग्रह होणार नाही. त्यांच्यासाठी केळ्याची एक चकती किंवा नुसतं तुळशीचं पान ठेवलेलं असेल. मंगळवारी ऋषिपंचमीची भाजी आहे. अळू, सुरण, भोपळा, मका, भेंडी, दोडका, आणि अळूची खाज मारायला चिंच. वाटीभर हवी असेल तर डबा घेऊन या, दुपारी बारानंतर. यात सुरण आहे, म्हणून जैन शेजाऱ्यांना ती चालणार नाही. पण शुक्रवारची वाटली डाळ त्यांनी जरूर घ्यावी: भिजवलेली चणाडाळ, मिरची, कढीपत्ता, वर लिंबू आणि खोबरं. कांदा-लसूण नाहीच, आलंसुद्धा घातलेलं नाही.

चपला जिन्याच्या बाजूच्या रॅकवर ठेवा, ३०३ च्या दारासमोर नको; तिथल्या काकांना काठी टेकत जायला वाट लागते. फोटो खुशाल काढा, फक्त त्यात दुसऱ्यांची मुलं येत असतील तर त्यांच्या आईबाबांना विचारा.

शुक्रवारी साडेपाचला उत्तरपूजा. बाप्पाच्या हातावर दही ठेवून मूर्ती जागेवरून किंचित हलवतो, ते पाहायचं असेल तर पाच मिनिटं आधी या. साडेसहाला खाली अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, मोठ्या बादलीतच विसर्जन. मिरवणूक नाही, फटाके नाहीत, गुलालही नाही. पाणी मूर्तीच्या डोक्यावर दोन बोटं राहील इतकं भरतो, कारण वर राहिलेला मुकुट विरघळत नाही. फुलं, दोरा आणि कापसाची वस्त्रं आधीच काढून निर्माल्याच्या पिशवीत घालतो. सकाळपर्यंत खाली गाळ बसलेला असतो. ती माती कुंडीसाठी हवी असेल तर शनिवारी सकाळी न्या, पण नुसती शाडू कुंडीत घालू नका. ती घट्ट बसते, पाणी खाली उतरत नाही आणि मुळं कुजतात. एक भाग शाडूला तीन-चार भाग बागेची माती आणि थोडं शेणखत मिसळा.

येणार की नाही हे कळवायची गरज नाही. कुणाकडे सुतक असेल, कुणाची रात्रपाळी असेल, कुणाच्या घरी वेगळे देव असतील, कुणी देवच मानत नसेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल, नाही आलात तर कारण विचारणार नाही आणि मागाहून "दिसला नाहीत" असंही म्हणणार नाही. नमस्कार न करता नुसता चहा प्यायला आलात तरी कप तयार आहे. कुणी यावं, कुणी येऊ नये, असा आमच्याकडे कसलाही नियम नाही. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी खालून हाक मारली किंवा इंटरकॉमवर ३०२ दाबलं, तर प्रसाद घरपोच येईल.

गणपती बाप्पा मोरया!

आपले,
३०२ मधली सगळी मंडळी

ता. क. लिफ्टमध्ये चारच माणसं मावतात, आणि पाचवा चढला की ती दुसऱ्या मजल्यावर अडते. आरतीनंतर सगळे एकदम निघतात, तेव्हा पाय धड असलेल्यांनी जिन्याने उतरावं.