रजेचा अर्ज : उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याबाबत

दि. 7 जुलै 2025, वाई

प्रति,
मा. मुख्याध्यापिका मॅडम
माध्यमिक विद्यालय, वाई, जि. सातारा

विषय : 8 सप्टेंबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026 (388 दिवस) बिनपगारी असाधारण रजा आणि परदेशगमनाचं ना हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत

मॅडम, नमस्कार.

शनिवारी स्टाफरूममध्ये तुम्हाला तोंडी सांगितलंच होतं, तुम्ही म्हणालात आधी लेखी द्या मग बघू, म्हणून हा अर्ज. छापील नमुन्यात कारणाला दीड ओळ जागा आहे, त्यात हे बसेना, म्हणून साध्या भाषेत सगळं लिहितेय.

मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनला, एम.ए. एज्युकेशनसाठी ॲडमिशन मिळालीय. कोर्स एक वर्षाचा, फुलटाइम, सप्टेंबरअखेर सुरू. फी, राहण्याचा खर्च आणि विमानाचं तिकीट चेव्हनिंग शिष्यवृत्तीतून मिळणार आहे, त्यामुळे संस्थेवर एक रुपयाचा भार नाही, आणि पगारही मी मागत नाहीये. फक्त सेवेत खंड पडू नये आणि सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी एवढंच हवंय, बारा वर्षांची नोकरी आहे मॅडम.

परत येईन की नाही ही शंका सगळ्यांच्याच मनात असणार, तोंडावर कोणी बोलत नाही इतकंच. तर शिष्यवृत्तीचीच अट आहे की कोर्स झाला की मायदेशी परतून किमान 2 वर्षं राहायचं. तरीही संस्थेला हमीपत्र हवं असेल तर पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहून देते (शंभरचा आता मिळत नाही, परवाच चौकशी केली).

आता दहावीचं, कारण खरी काळजी तीच आहे. विज्ञान भाग 1 मधले पहिले चार धडे, म्हणजे गुरुत्वाकर्षण ते विद्युतधारेचे परिणाम, मी ऑगस्टअखेर संपवते, त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायला परवानगी द्या. पुढे तासिका तत्त्वावर कोणी मिळालं तर उत्तमच, नाहीतर नववीचे विज्ञानवाले सर दहावीला घ्यायला तयार आहेत, मी बोललेय त्यांच्याशी, फक्त त्यांच्याकडचे नववीचे चार तास दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतील. त्यांना एक सांगून ठेवते, भिंगांचा धडा फळ्यावर शिकवू नका, पोरांना खिडकीपाशी उभं करा आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या वडाची उलटी प्रतिमा पाडून दाखवा, मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक पोरगा वड खाली लटकलेला बघून जो ओरडला तो आजपर्यंत भिंग विसरलेला नाही. पेटीत 10 सेंमी नाभीय अंतराचं भिंग एकच आहे आणि त्याची कड उडालीय, जपून. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली जाताना तुमच्या हातात देईन, डेडस्टॉक रजिस्टर 31 ऑगस्टला मोजून सही करून देते.

घाई करतेय ते व्हिसासाठी. टीबीची टेस्ट पुण्यात करून आणलीय, बाकी कागद तयार आहेत, पण ना हरकत मिळाल्याशिवाय तिकीट काढायचा धीर होत नाही. तुमच्या शिफारशीनंतर प्रस्ताव संस्थेकडे आणि तिथून शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सातारा यांच्याकडे जाईल, म्हणून या आठवड्यात पुढे गेला तर बरं होईल.

अध्यक्षसाहेबांना मीटिंगमध्ये इंग्रजी मजकूरही वाचून दाखवायचाय, आणि तो देवनागरीतच द्या असं ऑफिसातून निरोप आलाय, म्हणून तोही खाली तसाच टाइप केलाय.

रिस्पेक्टेड मॅडम,
आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी एक्स्ट्राऑर्डिनरी लीव्ह विदाउट पे फ्रॉम 8 सप्टेंबर 2025 टू 30 सप्टेंबर 2026. आय हॅव बीन ॲडमिटेड टू द वन-इयर एम.ए. इन एज्युकेशन ॲट युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, अँड माय एक्स्पेन्सेस आर कव्हर्ड बाय अ चेव्हनिंग स्कॉलरशिप. आय ऑल्सो रिक्वेस्ट अ नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट फॉर ट्रॅव्हल अब्रॉड. आय शॅल रिझ्यूम ड्यूटी ऑन 1 ऑक्टोबर 2026. प्लीज ट्रीट माय सर्व्हिस ॲज कंटिन्युअस. आय हॅव अरेंज्ड फॉर माय क्लासेस विथ अ कलीग, सब्जेक्ट टू युवर अप्रूव्हल.
युवर्स फेथफुली,
वैशाली, असिस्टंट टीचर, सायन्स

सोबत : ॲडमिशनचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, पासपोर्टची झेरॉक्स. मूळ प्रती उद्या मधल्या सुट्टीत दाखवायला आणते.

आपली विश्वासू,
वैशाली
सहशिक्षिका, विज्ञान