माहिती अधिकार (दुरुस्ती) विधेयक, 2019 : राज्यसभेतील 25 जुलैच्या चर्चेचा सारांश

पुण्यातल्या माहिती अधिकार अभ्यासगटाच्या बैठकीसाठी टिपण

इतिवृत्त लांबलचक आहे आणि त्यात बराच गोंधळ, अडथळे आणि ‘खाली बसा’ आहे. ते सगळं वगळून मुद्दे आणि मतदान एवढंच इथे ठेवलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तिथे हमखास चूक होते : ‘विधेयक 117 विरुद्ध 75 मतांनी मंजूर झालं’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते तसं नाही. हे आकडे कशाचे आहेत ते शेवटी पाहू.

विषय काय होता

2005 च्या मूळ कायद्यात माहिती आयुक्तांची मुदत पाच वर्षं अशी कायद्यातच लिहिलेली होती. वेतनही तिथेच बांधून दिलं होतं : केंद्रीय मुख्य माहिती आयुक्त मुख्य निवडणूक आयुक्तांच्या बरोबरीचे, केंद्रातले इतर आयुक्त आणि राज्याचे मुख्य माहिती आयुक्त निवडणूक आयुक्तांच्या बरोबरीचे, राज्यातले इतर आयुक्त राज्याच्या मुख्य सचिवांच्या बरोबरीचे. दुरुस्तीने कलम 13, 16 आणि 27 बदलली. मुदत, वेतन आणि सेवाशर्ती केंद्र सरकार नियमांनी ठरवील, राज्य आयोगांच्या बाबतीतसुद्धा, एवढाच तिचा गाभा. माहिती मागण्याची पद्धत, फी, तीस दिवसांची मुदत, अपील यांना हात लावलेला नाही.

सरकारची बाजू

विधेयक मांडणारे राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांचा मुख्य युक्तिवाद दर्जाचा होता. निवडणूक आयोग ही संविधानाच्या अनुच्छेद 324 ने निर्माण झालेली संस्था, तर माहिती आयोग संसदेच्या कायद्याने. दोघांची कामं वेगळी, मग सेवाशर्ती एकसारख्या का? त्यातून एक विसंगती निघते, असं सरकारचं म्हणणं. मुख्य माहिती आयुक्तांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतका दर्जा मिळतो, पण त्यांच्या आदेशाला आव्हान उच्च न्यायालयात देता येतं. शिवाय मूळ कायद्यात या बाबतीत नियम करण्याचा अधिकारच सरकारला नव्हता, ती त्रुटी दूर होते.

आयोगाच्या स्वायत्ततेला धक्का लागत नाही, असं सरकारकडून पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. नियुक्तीची पद्धत तीच राहते : पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि एक केंद्रीय मंत्री यांची समिती. ऑनलाइन अर्जासारख्या सोयींचा दाखलाही दिला गेला.

विरोधकांची बाजू

काँग्रेस, डावे पक्ष, तृणमूल आणि इतरांचं मुख्य म्हणणं असं : ज्या सरकारच्या विरोधात आयुक्त निकाल देतो, त्याच सरकारच्या हातात त्याची मुदत आणि पगार दिला, तर तो निकाल कसा देणार? कायद्यातली मुदत बदलायला संसदेत यावं लागतं; नियम मंत्रालयात बसून बदलता येतो. माझ्या मते सगळ्या चर्चेतला हा सर्वांत वजनदार मुद्दा. नियम सभागृहापुढे ठेवावे लागतात हे खरं, पण तोवर ते लागू झालेले असतात.

जयराम रमेश यांनी घाई का, याची पाच कारणं सांगितली, आणि पाचही माहिती अधिकारातल्या प्रकरणांची होती. पंतप्रधानांच्या शैक्षणिक पात्रतेबाबतचा आदेश, बनावट रेशनकार्डांच्या दाव्याची तपासणी, नोटबंदीपूर्वीची रिझर्व्ह बँकेची भूमिका, बुडीत कर्जदारांची यादी आणि काळ्या पैशाची माहिती. हा हेतूवरचा आरोप आहे, विधेयकाच्या मजकुरावरचा नाही. बैठकीत दोन्हींची सरमिसळ करू नये.

प्रक्रियेवरही आक्षेप होता. मसुदा लोकांपुढे ठेवला नाही, स्थायी समितीकडे पाठवला नाही. मूळ कायदा होताना मात्र स्थायी समितीनेच निवडणूक आयुक्तांची बरोबरी सुचवली होती, म्हणजे ती बरोबरी नजरचुकीने आलेली नव्हती.

आणि संघराज्याचा मुद्दा. राज्याचे आयुक्त राज्य नेमतं, खर्च राज्य करतं, पण मुदत दिल्ली ठरवणार. इथे एक गोष्ट मी माझ्याकडून जोडतो. सरकारचा ‘संवैधानिक विरुद्ध कायद्याने निर्माण झालेली संस्था’ हा युक्तिवाद राज्यातल्या इतर आयुक्तांना लागूच पडत नाही. त्यांची बरोबरी निवडणूक आयोगाशी नव्हतीच, मुख्य सचिवांशी होती. राज्य आयोगाच्या पुणे खंडपीठाचे आयुक्त याच गटात मोडतात.

(शशी थरूर यांनी या विधेयकाला माहिती अधिकार संपवणारं विधेयक म्हटलं, ते या इतिवृत्तात शोधू नका. ते लोकसभेतलं आहे.)

मतदान

उपसभापती हरिवंश आसनावर होते. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावं, असा विरोधकांचा प्रस्ताव होता आणि त्यावर मतविभाजन झालं. प्रस्तावाच्या बाजूने 75, विरोधात 117. प्रस्ताव फेटाळला गेला. 117 आणि 75 हे आकडे या प्रस्तावाचे आहेत.

राज्यसभेत तेव्हा सत्ताधाऱ्यांचं स्वतःचं बहुमत नव्हतं. बिजू जनता दल, तेलंगण राष्ट्र समिती आणि वायएसआर काँग्रेस सरकारबरोबर गेले आणि फरक तिथे पडला.

मतदान चिठ्ठ्यांवर चालू असताना भाजपचे सी. एम. रमेश सदस्यांकडच्या चिठ्ठ्या हाताळत आहेत, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. विरोधी पक्षनेते गुलाम नबी आझाद यांनी तो लावून धरला आणि काँग्रेसने सभात्याग केला. त्यानंतर विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. त्यामुळे खुद्द विधेयकाच्या बाजूने किती सदस्य होते, याचा राज्यसभेचा आकडा अस्तित्वातच नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगावं. लोकसभेत मात्र 22 जुलैला मतविभाजन झालं होतं : बाजूने 218, विरोधात 79.

पुढे काय झालं

ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 24 ऑक्टोबर 2019 रोजी नियम लागू झाले. मुदत पाचावरून तीन वर्षांवर आली. केंद्रीय मुख्य माहिती आयुक्तांचं वेतन दरमहा अडीच लाख ठरलं. बाकी सगळ्यांचं, केंद्रातले असोत वा राज्यातले, सव्वादोन लाख. मुख्य सचिवांचं वेतन तेवढंच, त्यामुळे पुणे खंडपीठाच्या आयुक्तांचा पगार होता तिथेच राहिला. कमी झाली ती मुदत.