चवथीच्या कुणबी साड्या: रीलसाठी ब्रीफ

नमस्कार ताई,
चवथीआधी आमच्या म्हापशाच्या दुकानात कुणबी साड्या येतायत. रील ४५ सेकंदांचं. सूर घरगुती, माटोळी बांधता बांधता शेजारणीशी बोलावं तसा. 'रॉयल लूक' वगैरे नको.

सांगायलाच हवं: सुती, हातमागाची, लाल-पांढऱ्या चौकड्यांची, किंमत ३,२०० रुपयांपासून, पहिल्या धुण्यात रंग थोडा सुटतो, वेगळी धुवा. हे लपवू नका, नंतर शिव्या आम्हालाच. कुणबी बायका शेतात ही नेसत, एवढा इतिहास पुरे.

कॅप्शनची पहिली ओळ, शब्द न बदलता: 'जाहिरात: साडी आणि मानधन दुकानाकडून मिळालं आहे.' रीलच्या सुरुवातीलाही तेच, पेड पार्टनरशिपचं लेबल चालू. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेलं चालणार नाही.

मसुदा शुक्रवारपर्यंत पाठवा.