हा नंबर आता मॅडमचा नाही

नमस्कार.

आधीच सांगते, हे मी लिहितेय, तुमच्या मॅडम नव्हे. तुमच्या फोनमध्ये हा नंबर त्यांच्या नावाने सेव्ह असणार, म्हणजे माझा मेसेजसुद्धा तुम्हाला त्यांच्याच नावाखाली दिसत असेल. पुढचं वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून हे सगळ्यात आधी.

हे सिमकार्ड मी चार महिन्यांपूर्वी घेतलं. बंद पडलेले नंबर काही काळाने कंपन्या नव्या ग्राहकांना देतात, तसाच हा माझ्याकडे आला असणार. आधी तो कोणाकडे होता हे मला माहीत नव्हतं. ते तुमच्या मेसेजमुळे कळलं.

रविवारी सकाळी तुमचा 'नमस्कार मॅडम, ओळखलंत का?' आला. कोणीतरी चुकून पाठवला असेल, लक्षात आलं की स्वतःच डिलीट करेल, असं समजून मी गप्प राहिले. दुपारी नुसतं 'मॅडम?' आलं. आणि काल रात्री तुम्ही लिहिलंत, 'माझं काही चुकलं असेल तर माफ करा.' ते वाचलं आणि राहवेना. मी मेसेज उघडले म्हणून तुम्हाला निळ्या टिका दिसल्या असतील. मॅडमनी वाचलं आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही, असंच तुम्हाला वाटलं असणार. तसं काहीही झालेलं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही आणि मॅडम रागावलेल्याही नाहीत. तुमचा नमस्कार त्यांच्यापर्यंत अजून पोचलेलाच नाही. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल मला माफ करा.

आणखी एक कबुली द्यायची आहे. तुम्ही पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी उघडून पाहिला. तो माझ्यासाठी नव्हता, हे पाहून झाल्यावर लक्षात आलं. निबंधाखाली लाल शाईत 'अक्षर सुधारलं. आता भीड सोड.' आणि खाली तिरकी सही. पानाची घडी उलगडून उलगडून मधोमध विरली आहे, तिथे मागून चिकटपट्टी लावलेली दिसते. इतकी वर्षं जपून ठेवलेलं पान एका परक्या माणसाच्या फोनमध्ये पडून राहणं मला बरं वाटेना, म्हणून तो फोटो मी माझ्याकडून काढून टाकला आहे. तुमच्याकडचा तसाच राहील, काळजी नको. तुम्ही लिहिलेला मजकूरही चॅटमध्ये शाबूत आहे. मॅडमचा नवा नंबर मिळाला की तोच कॉपी करून पाठवता येईल. पुन्हा नव्याने लिहू नका, फार मनापासून उतरलं आहे ते.

मॅडमबद्दल मला खरंच काही माहिती नाही, त्यामुळे उगाच अंदाज करत नाही. नंबर बंद होण्याला साधी कारणं पुष्कळ असतात. फोन हरवतो, दुसरं कार्ड घेतलं जातं, बरेच दिवस रिचार्ज होत नाही. तेव्हा मनात लगेच भलतंसलतं आणू नका. शाळेच्या ऑफिसात विचारून बघा. निवृत्त शिक्षकांचा पत्ता किंवा फोन तिथल्या जुन्या कारकुनांना किंवा शिपाईमामांना बरेचदा ठाऊक असतो. त्यांनी नंबर द्यायला का-कू केली, तर तुमचा नंबर मॅडमपर्यंत पोचवायला सांगा, त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तुमच्या वर्गातल्या कोणाचा ग्रुप असेल तर तिथेही टाका. आणि ज्यांच्याकडे हा जुना नंबर असेल त्यांना तो काढून टाकायला सांगा, म्हणजे असा नमस्कार दुसऱ्या कोणाचा वाया जायला नको.

एक काळजीपोटी सांगते. मी तुमच्याकडे पैसे, ओटीपी, पत्ता असलं काहीही मागणार नाही. उद्या मॅडमच्या नावाने दुसऱ्या एखाद्या नंबरवरून कोणी 'अडचणीत आहे, लगेच पाठव' असं लिहिलं, तर आधी फोन करून आवाज ओळखा आणि मगच पुढचं. तुमचा जीव त्यांच्यावर किती आहे हे तुमच्या मेसेजात दिसतं, म्हणून हे लिहावंसं वाटलं. तुम्हीही मला पुरत्या अनोळखी आहात, त्यामुळे माझं नाव लिहीत नाही. राग मानू नका.

याला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. नंबर डिलीट करा आणि निर्धास्त राहा. पण मॅडम सापडल्या, तर जमल्यास 'सापडल्या' एवढा एकच शब्द इकडे पाठवा. मी वाट बघेन.