संशोधन-माहिती व्यवस्थापन निवेदन (सुधारित)

प्रकल्प : ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या महापुरानंतर पलूस व मिरज तालुक्यांतील चार गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन

आधीच्या निवेदनात ‘माहिती सुरक्षित ठेवली जाईल व गरजेपुरतीच वापरली जाईल’ एवढेच लिहिले होते. कोठे, कोणाकडे आणि कधीपर्यंत, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नसल्याने ते वाक्य रद्द करून पुढील मजकूर लागू करीत आहोत.

एकूण 64 मुलाखतींपैकी 58 ध्वनिमुद्रित आहेत. उरलेल्या सहा जणांनी मुद्रणास नकार दिल्याने त्यांच्या केवळ हस्तलिखित नोंदी आहेत. ध्वनिफिती एन्क्रिप्ट केलेल्या हार्डडिस्कवर विभागाच्या कुलूपबंद कपाटात असून दुसरी प्रत महाविद्यालयाच्या सर्व्हरवर आहे. रेकॉर्डरमधील कार्ड दोन्ही प्रती तपासल्यानंतरच, पण 48 तासांच्या आत, पुसले जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वैयक्तिक मेलवरून एकही फाइल पाठवायची नाही. पंचनाम्याच्या व अनुदानाच्या कागदांचे फोटो काढताना आधार क्रमांक व बँक खाते क्रमांक कागदाची पट्टी ठेवून आधीच झाकले जातात.

नाव आणि संकेतांक यांची जोडणी फक्त एका वहीत आहे व ती प्रमुख संशोधकांच्या ताब्यात राहते. ध्वनिफिती त्यांना, दोन क्षेत्र-संशोधकांना व शब्दांकन करणाऱ्यासच ऐकता येतील. शब्दांकन करणाऱ्यास केवळ संकेतांक कळेल. ग्रामपंचायत, महसूल कार्यालय किंवा अर्थसाहाय्य देणारी संस्था यांपैकी कोणालाही मूळ मुलाखत दिली जाणार नाही.

संमतीची मर्यादा हा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण नाव वगळले म्हणजे ओळख लपली असे लहान गावात होत नाही. ‘गोठ्यातल्या चार म्हशी गेल्या आणि आम्ही तीन रात्री शाळेच्या माडीवर काढल्या’ एवढ्या वाक्यावरूनही शेजारी घर ओळखतो. म्हणून असे तपशील उद्धृत करण्यापूर्वी बदलले किंवा गाळले जातील. 41 जणांनी त्यांच्या मुलाखतीचे संकेतांकित शब्दांकन पुढील संशोधनास देण्यास संमती दिली आहे. 17 जणांची संमती याच अभ्यासापुरती आहे. मुद्रण नाकारणाऱ्या सहा जणांच्या नोंदींतून शब्दशः उद्धरण घेतले जाणार नाही व त्या अन्य कोणास दिल्या जाणार नाहीत. आवाज जाहीरपणे ऐकवण्याची परवानगी कोणाकडूनही घेतलेली नाही, त्यामुळे परिसंवादातही ध्वनिफीत वाजवता येणार नाही.

संमती 31 मार्च 2027 पर्यंत कारण न देता, तोंडी कळवूनही, मागे घेता येईल व संबंधित सर्व साहित्य 15 दिवसांत नष्ट केले जाईल. त्यानंतर मागे घेतल्यास ध्वनिफीत नष्ट होईल, मात्र प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून ती माहिती वेगळी काढता येणार नाही. हे सहभागींना मुलाखतीपूर्वीच वाचून दाखवले आहे.

प्रकल्प 30 जून 2027 रोजी संपेल. त्याच दिवशी नावांची वही फाडून जाळली जाईल, तर ध्वनिफिती 31 डिसेंबर 2027 रोजी दोन्ही ठिकाणांहून पुसल्या जातील. 17 जणांची शब्दांकने, सहा जणांच्या नोंदी आणि कागदांचे फोटो 30 जून 2029 पर्यंत, तर 41 जणांची शब्दांकने 30 जून 2032 पर्यंत ठेवली जातील. प्रत्येक वेळी नष्ट केल्याची नोंद दोघांच्या सहीने विभागाच्या रजिस्टरमध्ये होईल.